रेंज फुल, पण नेट चालेना : तुळशीबागेतल्या गर्दीत टॉवर तुंबलाय हे कसं ओळखायचं आणि बँड कसा बदलायचा

गौरी-गणपतीच्या आधीचा शनिवार होता. संध्याकाळी सातला ताईचा फोन आला. पुण्याच्या तुळशीबागेत आतल्या गल्लीत तिचं गौरीचे दागिने, मुखवटे आणि बांगड्यांचं छोटं दुकान आहे. "अरे, आजपण तेच. वर रेंज फुल दिसतेय आणि कुणाचे पैसे आले हे कळायला दहा दहा मिनिटं लागतायत. बाया उभ्या राहतात, मागच्या निघून जातात. तू ये बरं एकदा."

गेल्या वर्षीही याच दिवसांत हेच झालं होतं. तेव्हा तिने फोन बदलला, सिम बदलून आणलं, फोन रीसेटसुद्धा केला. दोन-तीन दिवस बरं वाटायचं आणि शनिवार-रविवार आला की पुन्हा तेच. मी काही वर्षं मोबाइल टॉवरच्या ड्राइव्ह टेस्टचं काम केलंय, म्हणजे गाडीत लॅपटॉप आणि फोन घेऊन सिग्नल मोजत गावभर फिरायचं. त्यामुळे ताई फोनवर बोलत असतानाच मला एक गोष्ट खटकली. तिचा आवाज खणखणीत येत होता. नेट मेलेलं आणि कॉल मात्र स्वच्छ, हा फार बोलका पुरावा असतो. ४जीवरच्या कॉलला नेटवर्क वेगळी, राखीव वाट देतं. टॉवरवर कितीही गर्दी असली तरी आवाजाची पाकिटं आधी जातात आणि बाकीचा डेटा मागे थांबतो. सिग्नलच खराब असता तर आवाजही तुटला असता.

फुल रेंज नेमकं काय सांगते

फोनच्या वरच्या कोपऱ्यातल्या काड्या म्हणजे नेटचा वेग, असं आपण धरून चालतो. तसं नाही. टॉवर एक ठरावीक ओळख-सिग्नल सतत पाठवत असतो. पहाटे गल्ली रिकामी असो नाहीतर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसो, त्याचा जोर तोच राहतो. ४जीत काड्या बहुतेक या सिग्नलच्या जोरावरच ठरतात. मंडळाचा स्पीकर गल्लीच्या टोकापर्यंत खणखणीत ऐकू येतो, म्हणून दर्शनाची रांग छोटी आहे असं होत नाही. काड्या स्पीकरचा आवाज सांगतात. रांगेबद्दल त्या काहीच बोलत नाहीत.

रांग कशी लागते तेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ४जीचा टॉवर आपली हवेतली जागा छोट्या छोट्या तुकड्यांत वाटतो. ५ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात असे २५ तुकडे असतात, १० मेगाहर्ट्झमध्ये ५० आणि २० मेगाहर्ट्झमध्ये १००. सेकंदात हजार वेळा टॉवर ठरवतो की कुठला तुकडा कुणाला. २५ तुकड्यांच्या पट्ट्यातून प्रत्यक्षात सगळ्यांचं मिळून साधारण ८ ते १० एमबीपीएस जातं असं धरा. त्याच क्षणी दीडशे माणसं काही ना काही उघडून बसली असतील, तर एकेकाच्या वाट्याला ६० केबीपीएसच्या आसपास येतं. त्यात दुकानांच्या आत, कोपऱ्यात उभ्या असलेल्यांचा सिग्नल कमजोर. त्यांना तेवढाच डेटा पोचवायला टॉवरचे जास्त तुकडे खर्च होतात, म्हणून एकूण वाटपच कमी होतं. वर पेमेंट अडकलं की प्रत्येकजण पुन्हा पुन्हा बटण दाबतो. त्यामुळे रांग आणखी वाढते.

आधी सोप्या शंका दूर करा

टॉवरला दोष देण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पहिली, दिवसाचा डेटा संपलाय का. आपल्याकडच्या रोजच्या कोट्याच्या प्लॅनमध्ये कोटा संपला की वेग सहसा ६४ केबीपीएसवर येतो. पण तो वेग कुठेही गेलं तरी तेवढाच राहतो. दुकानात हळू आणि लक्ष्मी रोडवर येताच झकास चालत असेल, तर कोटा कारण नाही. ताईचा कोटा अर्ध्याहून जास्त शिल्लक होता.

दुसरी, फक्त एकच फोन अडतोय का. शेजारच्या भांडीवाल्या काकांचं सिम त्याच कंपनीचं आहे. त्यांचंही नेट गोल गोल फिरत होतं. समोरच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचं सिम होतं, तिथे हळू का होईना पण चालत होतं. म्हणजे फोनचा दोष नाही.

तिसरी गोष्ट दुकानदारांसाठी. नेमकं कुणाचं नेट अडकलंय ते पाहा. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं तेव्हा पैसे त्याच्या फोनच्या नेटवरून जातात. "इतके रुपये प्राप्त झाले" असं बोलणाऱ्या साउंडबॉक्समध्ये स्वतःचं वेगळं सिम असतं. आणि ताई पैसे आले की नाही ते तिच्या फोनवर बघते. असे तीन सिम, बऱ्याचदा तीन वेगळ्या कंपन्यांचे. ताईच्या दुकानात डबा बोलत नव्हता आणि तिचा फोनही अडकलेला होता, पण अर्ध्या गिऱ्हाइकांचे पैसे खरंतर केव्हाच गेलेले असायचे. डबा बोलला नाही म्हणून पुन्हा पैसे पाठवायला सांगू नका. आधी गिऱ्हाइकाच्या फोनवर व्यवहार पूर्ण झालाय की प्रलंबित आहे ते पाहा.

सकाळ आणि संध्याकाळ, एकाच जागेवरून

टॉवर तुंबल्याचं पक्कं निदान तुलनेतून होतं. एकदाच मोजलेल्या आकड्यावरून फारसं कळत नाही. जागा तीच, फोन तोच, सिम तेच, फक्त वेळ वेगळी.

अँड्रॉइड फोनवर `NetMonster` नावाचं फुकट अ‍ॅप घ्या. सध्या कुठल्या सेलशी, म्हणजे टॉवरच्या एका बाजूच्या एका बँडशी जोडणी आहे, बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा कोणता, जोर किती, हे ते सरळ दाखवतं. त्यातले तीनच आकडे बघायचे. `RSRP` म्हणजे त्या ओळख-सिग्नलचा जोर. तो नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -८० उत्तम, -१०० चालण्यासारखा, -११५ च्या खाली रडतखडत. `RSRQ` म्हणजे हवेत जेवढी एकूण ऊर्जा आहे, तिच्या तुलनेत तो ओळख-सिग्नल किती उठून दिसतो. तुमचा टॉवर आणि शेजारचे टॉवर डेटा ओतायला लागले की एकूण ऊर्जा वाढते आणि हा आकडा पडतो, ओळख-सिग्नल होता तेवढाच असला तरी. तिसरा `SNR`, म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती स्वच्छ. १५-२० च्या वर असला तर छान, शून्याजवळ आला तर वाईट. काही स्वस्त फोन हा तिसरा आकडा देतच नाहीत, तेव्हा पहिल्या दोनांवर भागवायचं.

त्या शनिवारी संध्याकाळी मी ताईच्या गल्ल्याशेजारी फोन ठेवून हे आकडे टिपले आणि रविवारी सकाळी साडेनऊला, गल्ली अजून झाडली जात असताना, त्याच जागी पुन्हा टिपले.

सकाळी `RSRP` -७७, `RSRQ` -८, `SNR` १६. वेग १४ एमबीपीएस.

संध्याकाळी `RSRP` -७८, `RSRQ` -१४, `SNR` ७. वेग ०.३ एमबीपीएस.

सिग्नलचा जोर एका आकड्याने हलला, म्हणजे हललाच नाही. काड्या दोन्ही वेळा चारपैकी चार. पण `RSRQ` सहाने घसरला आणि वेग जवळपास पन्नास पटीने. जोर जागच्या जागी आणि `RSRQ` चार-सहाने खाली, अशी जोडी दिसली की गर्दी हेच कारण धरायला हरकत नाही. जोरही पडला असता, तर मी वेगळं काही शोधलं असतं, उदाहरणार्थ टॉवरचा तो सेक्टर बंद पडून फोन लांबच्या टॉवरला लटकलाय का. आणि सकाळच्या शांततेतही `RSRP` चांगला आणि `SNR` वाईट असता, तर दोन टॉवर एकमेकांवर ओरडतायत असं म्हटलं असतं. तिथे वेळेने फरक पडत नाही.

वेगापेक्षाही उपयोगी चाचणी म्हणजे पिंग, एक छोटं पाकीट पाठवून ते परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पेमेंटला डेटा अगदी थोडा लागतो, पण जा-ये वेळेत व्हावी लागते. फोनवर कमांड टाकायचं `Termux` हे अ‍ॅप असेल तर एवढंच टाका:

```
ping -c 20 8.8.8.8
```

शेवटच्या ओळीत सगळ्यात कमी, सरासरी, सगळ्यात जास्त आणि चढउतार, असे चार आकडे मिलिसेकंदात येतात. त्या संध्याकाळचे आकडे असे होते:

```
rtt min/avg/max/mdev = 58.3/742.9/2310.4/655.1 ms
```

यात सरासरीपेक्षा पहिला आणि तिसरा आकडा शेजारी ठेवून बघा. एक पाकीट ५८ मिलिसेकंदात परत आलं आणि दुसऱ्याला २३१० लागले. म्हणजे वाट उघडी आहे, नंबर लागला की काम लगेच होतं, फक्त नंबर लागत नाही. कोटा संपून वेग बांधलेला असतो तेव्हा असा लहरीपणा सहसा नसतो, नेट सारखंच मंद चालतं.

टॉवर भरलाय की टॉवरच्या मागची तार?

इथे बरेचजण थांबतात, पण बँड बदलण्याआधी हा प्रश्न सोडवला तर फुकटची खटपट वाचते. टॉवर ते फोन या हवेतल्या वाटेवर गर्दी असेल, तर बँड बदलून फायदा होतो. टॉवरपासून मागे कंपनीच्या जाळ्यापर्यंत जाणारी फायबर किंवा मायक्रोवेव्हची जोडणीच भरलेली असेल, तर त्या टॉवरचे सगळे बँड सारखेच रडतात.

हे ओळखायला सेलचा क्रमांक मदत करतो. ४जीत `CI` म्हणून मोठा आकडा दिसतो. त्याला २५६ ने भागलं की पूर्णांक म्हणजे टॉवरचा क्रमांक आणि बाकी म्हणजे त्या टॉवरवरचा नेमका सेल. उदाहरण म्हणून, आकडे बदलून सांगतो: `CI` २१४३७४४२ असेल तर २५६ ने भागून ८३७४० येतात आणि बाकी २ उरते. पुढे दुसऱ्या बँडवर गेल्यावर `CI` २१४३७४५२ आला, तर टॉवर तोच ८३७४०, बाकी १२, म्हणजे टॉवर तोच आणि सेल वेगळा. टॉवर तोच असताना दुसऱ्या बँडवर वेग सुधारला, तर मागची तार निर्दोष. दोन्हीकडे सारखाच रखडला आणि दोन्हीकडे `SNR` बरा असेल, तर तारेवर संशय घ्या. अशा वेळी दुसऱ्या टॉवरकडे किंवा दुसऱ्या कंपनीकडे जाणं एवढाच मार्ग उरतो.

ताईचा फोन कुठल्या बँडवर होता

बँड ८ वर, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झवर, रुंदी ५ मेगाहर्ट्झ. हे वाचलं आणि मला कोडं सुटल्यासारखं वाटलं.

कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी भिंतींतून, पत्र्यांच्या फटींतून जास्त आत शिरतात. तुळशीबागेतली दुकानं एकाला एक चिकटलेली, वर पत्रा नाहीतर ताडपत्री, मागे जुन्या इमारतींच्या जाड भिंती. आतल्या गल्लीत ९०० मेगाहर्ट्झ जोरात पोचतो आणि १८०० किंवा २१०० मेगाहर्ट्झ दमून पोचतो. त्यामुळे आत शिरलेले फोन आपसूक बँड ८ ला चिकटतात. आणि नेमका तोच पट्टा अरुंद, २५ तुकड्यांचा. गल्लीतले सगळेच फोन एकाच अरुंद दारातून घुसायला बघतात, आणि त्या प्रत्येकाच्या काड्या मात्र फुल असतात.

फोन स्वतः शहाणपणाने मोकळा बँड का शोधत नाही? कारण रिकामा बसलेला फोन बँड निवडतो तो टॉवरने जाहीर केलेल्या प्राधान्यावर आणि सिग्नलच्या जोरावर. कुठल्या बँडवर किती गर्दी आहे ते त्याला कळायची सोय तिथे नसते. डेटा चालू असताना फोनला इकडून तिकडे हलवणं नेटवर्कच्या हातात असतं. गर्दी वाटून देण्याची व्यवस्था असते, पण वरच्या बँडचा सिग्नल नेटवर्कने ठरवलेल्या मर्यादेखाली दिसला तर ते फोनला तिकडे पाठवतच नाही. ताईच्या दुकानात असंच होत असावं.

फोनच्या आतल्या सेटिंगला हात न लावता करायचे उपाय

सगळ्यात आधी एअरप्लेन मोड. पंधरा-वीस सेकंद चालू ठेवून बंद करा आणि `NetMonster` मध्ये बँड बदलला का ते पाहा. ताईच्या दुकानात चार वेळा केल्यावर एकदा बँड ३ मिळाला आणि तोही पाच मिनिटांत सुटला. दुकानाच्या तोंडाशी, उघड्या आभाळाखाली येऊन एअरप्लेन मोड केला, तेव्हा मात्र तीनपैकी तीन वेळा बँड ३ मिळाला. मग फोन आतल्या कपाटावरून उचलून दर्शनी काचेजवळ ठेवला. एवढ्यानेच बराच फरक पडला. दुकानात फोनची जागा सात-आठ फूट हलवणं हा पहिला इलाज, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

५जी फोन असेल तर ५जी चालू-बंद करून दोन्ही मोजा. काही कंपन्यांचं ५जी अजून ४जीच्या खांद्यावर उभं असतं, जोडणी आधी ४जीवर होते आणि मग ५जी जोडलं जातं. ४जीचा तो सेल तुंबला असेल, तर कोपऱ्यात ५जी लिहिलेलं असूनही काम अडतं. ज्यांचं ५जी स्वतंत्र आहे, तिथे उलट ५जीवर मोकळं मैदान मिळू शकतं. त्यामुळे "गर्दीत ५जी बंद करा" असा सरसकट सल्ला मी देणार नाही.

बँड कुलूपबंद करणं

ताईचा फोन मीडियाटेक चिपचा आहे. या चिपच्या बऱ्याच फोनमध्ये डायलरवर हा कोड टाकला की अभियंत्यांचा मेनू उघडतो:

```
*#*#3646633#*#*
```

त्यात `Telephony`, मग `BandMode`, मग ज्या सिमचा डेटा वापरता ते सिम. खाली बँडची मोठी यादी येते, प्रत्येकापुढे टिक. बदल करण्याआधी या पानाचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, हे विसरू नका. मूळ टिका कुठे होत्या ते नंतर आठवत नाही. आता `LTE` म्हणजे ४जीच्या यादीतली फक्त बँड ८ ची टिक काढा, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा, `SET` दाबा आणि एअरप्लेन मोड एकदा चालू-बंद करा. त्या मेनूतल्या बाकी कशालाही हात लावू नका, तिथे फोनचं रेडिओ बिघडवणाऱ्या गोष्टीही आहेत.

मी मुद्दाम "बँड ३ वर कुलूप लावा" असं म्हणत नाहीये. एकाच बँडवर फोन बांधला, तर तो बँड जिथे नाही तिथे फोन मुका होतो. गर्दीचा एकच बँड वगळला, तर बाकीचे सगळे पर्याय खुले राहतात. तरी तोटा आहेच. तळघरात, लिफ्टमध्ये, गावाकडच्या रस्त्यावर बँड ८ हाच एकटा पोचणारा असू शकतो. तिथे कदाचित कॉलही लागणार नाही. म्हणून ताईला मी घरी निघताना टिक परत लावायची सवय लावली. तिने गल्ल्याच्या झाकणाच्या आत कागद चिकटवलाय: "दुकान बंद = ८ चालू".

आणखी एक गोष्ट. काही फोन दोन बँड एकत्र जोडून वापरतात, म्हणजे बँड ८ वर असतानाच बँड ३ चाही हात धरतात. अशा फोनमध्ये बँड ८ काढला की तो जोडही तुटतो. पण मुळात जोड लागत असता, तर फोन इतका रखडलाच नसता.

सगळ्या फोनमध्ये हे जमत नाही. बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये कंपनीने तो मेनू बंद केलाय. सॅमसंगच्या काही फोनमध्ये बँड निवडायचं दडलेलं पान असतं, पण एखाद्या अपडेटनंतर ते गायब झालेलंही पाहिलंय. बहुतेक अँड्रॉइडवर चालणारा कोड हा:

```
*#*#4636#*#*
```

त्यात फक्त ४जी, फक्त ५जी असा प्रकार निवडता येतो, बँड नाही. आयफोनवर `*3001#12345#*` टाकून आकडे बघता येतात, पण बँड निवडायची सोय नाही. तिथे ५जी-४जी बदलणं आणि जागा बदलणं एवढंच हाती राहतं. बँड बदलून देतो म्हणणारी आणि त्यासाठी संपर्क, एसएमएस अशा परवानग्या मागणारी अ‍ॅप टाकू नका. त्याच फोनवर तुमचं बँकेचं अ‍ॅप आहे.

बदलल्यावर काय झालं

टिक काढल्यावर फोन बँड ३ वर गेला, १८०० मेगाहर्ट्झ, रुंदी १० मेगाहर्ट्झ. `RSRP` -१०१, `RSRQ` -११, `SNR` ८. वेग ४.२ एमबीपीएस, पिंगमधला सगळ्यात मोठा आकडा १९० मिलिसेकंद. टॉवरचा क्रमांक तोच, फक्त बाकी वेगळी. म्हणजे मागची तार ठीक होती आणि गर्दी बँड ८ वरच होती.

ताईने स्क्रीन पाहिली आणि म्हणाली, "अरे, हे काय, रेंज तर कमी झाली!" चारातली एक काडी गेली होती. पुढचं गिऱ्हाईक नथ घेऊन उभं होतं. पैसे आल्याचा मेसेज त्याच्या फोनआधी ताईच्या फोनवर आला. मग तिने काड्यांकडे बघणं सोडलं.

पण बँड ३ काही रिकामा नव्हता. साडेआठला, तुळशीबागेच्या गणपतीची तयारी बघायला माणसं लोटली, तेव्हा तिथलाही वेग १.१ वर आला. पैसे बघण्याएवढं चालत होतं, व्हिडिओ कॉल लागला नसता. बँड बदलल्याने रांग नाहीशी होत नाही, तुम्ही फक्त छोट्या रांगेत जाऊन उभे राहता. आणि ताईचा फोन सुधारला तरी गिऱ्हाइकांचे फोन आणि तो बोलणारा डबा जिथे होते तिथेच होते. म्हणून दिवाळीआधी तिने भांडीवाल्या काकांबरोबर निम्म्या खर्चात तारेचं ब्रॉडबँड घेतलं. अडलेल्या गिऱ्हाइकाला ती वायफाय जोडून देते. यूपीआय एकदा नोंदणी झालेलं असलं की पैसे वायफायवरूनही जातात, सिमचं नेट लागत नाही. ते जमत नसेल, तर फोनच्या दुसऱ्या खाचेत वेगळ्या कंपनीचं स्वस्त सिम ठेवा आणि गर्दीच्या वेळी डेटा तिकडे वळवा.

तक्रार करताना काय द्यायचं

"नेट चालत नाही" एवढीच तक्रार केली, तर फोन बंद-चालू करा असं उत्तर येतं. ताईच्या नावाने १९८ वर केलेल्या तक्रारीत मी पाच गोष्टी लिहून दिल्या: दुकानाचा पत्ता आणि गल्लीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते, तीन शनिवारांची संध्याकाळची वेळ, बँड ८ च्या सेलचा `CI`, सकाळ-संध्याकाळचे `RSRP` आणि `RSRQ`, आणि दोन्ही वेळचा वेग. तक्रार क्रमांक घेतला. आठवड्याने "तुमची तक्रार सोडवली आहे" असा मेसेज आला, काहीच बदललेलं नव्हतं. तक्रारीच्या उत्तराने समाधान झालं नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, तसं आम्ही गेलो आणि तेच आकडे नव्या तारखांसह पुन्हा दिले. सेलचा क्रमांक दिला की तिथल्या अभियंत्याला त्या सेलचा भरणा तासातासाने बघता येतो. मी त्या बाजूला बसलोय, असा कागद आला की तो बाजूला सारता येत नाही.

मार्गशीर्षात मी पुन्हा दुकानात गेलो, तेव्हा `NetMonster` मध्ये `EARFCN` च्या, म्हणजे सेलच्या फ्रिक्वेन्सीच्या क्रमांकाच्या जागी एक नवा आकडा दिसला. ४जीत ० ते ५९९ मधला आकडा म्हणजे बँड १, २१०० मेगाहर्ट्झ. १२०० ते १९४९ म्हणजे बँड ३. ३४५० ते ३७९९ म्हणजे बँड ८. हा तीन आकडी होता. त्याच टॉवरवर तिसरा बँड चालू झाला होता. ताईने झाकणातला कागद अजून काढलेला नाही, पण गेले तीन शनिवार तिला ती टिक काढायची वेळ आलेली नाही.